टॉवर डिफेन्स गेमचा तोल: वेव्हची वेळ, जनावरांची मिसळ आणि अपग्रेडचे दर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जांबोटीच्या पुढे, खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला आमचं गाव. भात पोटरीला आलं की घरातला एकजण रात्री शेतातल्या माळ्यावर झोपायला जातो. झोपायला म्हणायचं, पण झोप कुठली. रानडुकरं येतात, सांबर येतं, कधी गवा उतरतो. मग पत्र्याचा डबा बडवा, गोफण फिरवा, फटाका लावा. लहानपणी काकांबरोबर केलेली ती राखण डोक्यात राहिली होती, म्हणून बेळगावात नोकरी करता करता रात्री तिचाच टॉवर डिफेन्स गेम केला. नाव ‘राखण’.

निपाणी, खानापूर, चिकोडी आणि बेळगावातल्या कॉलेजांतली बरीच मुलं हल्ली गेम बनवतात आणि तोल साधण्यावरून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत.

## आधी सांगा, तुमच्या गेममध्ये आकडे काय आहेत?

पुढची सगळी उदाहरणं याच आकड्यांवर आहेत, म्हणून आधी ते मांडतो.

जंगलापासून शेतापर्यंतची वाट ४० घरांची आहे. सांबर सेकंदाला १ घर चालतं, रानडुक्कर २ घरं धावतं आणि गवा अर्धं घर. आमच्या गेममध्ये जनावर मरत नाही, बिचकून माघारी फिरतं. त्यामुळे ज्याला सगळे ‘हेल्थ’ म्हणतात त्याला आम्ही ‘धीर’ म्हणतो. धीर शून्य झाला की जनावर वळलं.

गोफण हा साधा टॉवर आहे. किंमत १०० नाणी, सेकंदाला एक दगड, एका दगडाला १० धीर कमी. वाट सरळ असेल तिथे गोफणीच्या टप्प्यात वाटेची ५ घरं येतात.

## वेव्ह कठीण करायची तर जनावरांचा धीर वाढवला की झालं ना?

मीही पहिले चार महिने हेच करत होतो. धीर वाढवून वेव्ह कठीण होते हे खरंच आहे, पण खेळणाऱ्याला प्रत्यक्षात जे जाणवतं ते टॉवरला मिळणाऱ्या सेकंदांमुळे. मला संपूर्ण गेमबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

एक गोफण आणि दहा सांबरं घ्या. सांबर टप्प्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ५ सेकंद जातात. दहा सांबरं एकामागून एक, १ सेकंदाच्या अंतरानं सोडली, तर पहिलं शिरल्यापासून दहावं बाहेर पडेपर्यंत ९ अधिक ५, म्हणजे १४ सेकंद गोफणीसमोर कोणी ना कोणी असतं. १४ दगड, १४० धीर. आता तीच दहा सांबरं अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं सोडा. साडेचार अधिक ५, म्हणजे साडेनऊ सेकंद. गोफण फक्त ९५ धीर काढू शकते. अंतर २ सेकंद केलं तर १८ अधिक ५, २३ सेकंद आणि २३० धीर.

जनावरं तीच, धीर तोच, गोफण तीच. फक्त सोडण्याचं अंतर बदललं आणि टॉवरची कमाई ९५ वरून २३० वर गेली, म्हणजे जवळजवळ अडीच पट. बहुतेक नवखे गेम बनवणारे हे अंतर एकदाच काहीतरी टाकतात आणि विसरतात. मग धीराचे आकडे महिनोन् महिने कुरवाळत बसतात. तसं करू नका. आधी अंतर ठरवा, मग धीर.

वेव्हसाठी हिशेब असा मांडायचा:

```
busy = (n - 1) * gap + tiles / speed
max_damage = dps * busy
```

यात `n` म्हणजे जनावरांची संख्या, `gap` म्हणजे दोन जनावरं सोडण्यातले सेकंद, `tiles` म्हणजे टप्प्यात येणारी घरं, `speed` म्हणजे जनावराची चाल आणि `dps` म्हणजे टॉवर सेकंदाला काढतो तेवढा धीर. एक अट आहे: `gap` हा एका जनावराच्या टप्प्यातल्या मुक्कामापेक्षा मोठा झाला तर मध्ये गोफण रिकामी बसते, आणि हे सूत्र जास्तीचे सेकंद मोजतं. तेव्हा जनावरांची संख्या गुणिले एकाचा मुक्काम एवढंच धरायचं.

## मग अंतर कमी केलं की गेम सगळ्यांसाठीच कठीण होतो?

नाही, आणि गंमत इथेच सुरू होते. अंतर कमी झालं की गोफणीचं नुकसान होतं, पण फटाक्याचा फायदा होतो.

आमचा फटाका १५० नाण्यांचा. दर २ सेकंदांनी एक फुटतो आणि फुटल्या जागेपासून १ घराच्या आत असलेल्या प्रत्येक जनावराचा १० धीर काढतो. बारा रानडुकरं पाव सेकंदाच्या अंतरानं सोडली तर दोन डुकरांमध्ये अर्ध्या घराची जागा राहते. फटाका मधल्या डुकरावर पडला की त्याच्या मागची दोन आणि पुढची दोन धरून पाच डुकरं सापडतात. हीच डुकरं १ सेकंदाच्या अंतरानं सोडली तर मधली जागा २ घरांची होते आणि फटाक्यात एकटं एकच सापडतं.

दोन्ही टॉवरना टप्प्यात पाच घरं धरून हिशेब करा. डुक्कर टप्प्यात अडीच सेकंद असतं. दाट टोळीत सगळं मिळून सव्वापाच सेकंद, त्यात गोफण सुमारे ५० धीर काढते. फटाका तेवढ्यात दोन किंवा तीन वेळा फुटतो आणि १०० ते १५० काढतो. विरळ टोळीत साडेतेरा सेकंद मिळतात. गोफण १३५ काढते, फटाका ६० किंवा ७०.

म्हणजे खेळणाऱ्यानं कुठला टॉवर घ्यावा हे तुम्ही टॉवरच्या आकड्यांनी ठरवत नाही, वेव्हच्या अंतरानं ठरवता. ‘माझ्या गेममध्ये सगळे एकच टॉवर घेतात’ अशी तक्रार जो कोणी घेऊन येतो, त्याला मी आधी विचारतो की तुझ्या सगळ्या वेव्हचं अंतर एकच आहे का. बहुतेक वेळा असतंच. त्या टॉवरची किंमत वाढवायच्या आधी चार वेव्ह दाट आणि चार विरळ करून बघा.

## दोन वेव्हमध्ये किती सेकंद ठेवावेत?

हे खेळणाऱ्याला विचार करायला किती वेळ हवा यावर ठरवतात. तेही पाहायचं, पण खरा प्रश्न हा की मागची वेव्ह वाटेवर असताना पुढची तिला कुठे गाठते.

गवा अर्ध्या घराच्या चालीनं ४० घरं चालायला ८० सेकंद घेतो. डुक्कर तीच वाट २० सेकंदांत संपवतं. गव्याची वेव्ह सुटल्यावर ३० सेकंदांनी डुकरांची वेव्ह सोडली, तर डुकरं गव्याला मागे टाकणारच. कुठे टाकणार हे काढता येतं:

```
d = T * v1 * v2 / (v2 - v1)
```

`T` म्हणजे दोन वेव्हमधले सेकंद, `v1` हळू जनावराची चाल, `v2` जलद जनावराची. ३० × ०.५ × २ भागिले १.५, उत्तर २०. म्हणजे बरोबर विसाव्या घरावर.

आमच्या नकाशात अठराव्या ते सव्विसाव्या घरापर्यंत मोठं वळण आहे आणि प्रत्येक खेळणारा आपले चांगले टॉवर तिथेच लावतो. टॉवर नेहमी सर्वांत पुढच्या जनावरावर मारतात. गवा वळणात शिरला, सगळ्या गोफणी त्याच्यावर चालू आहेत, आणि विसाव्या घरावर डुकरं त्याच्या पुढे गेली. त्या क्षणी सगळ्या गोफणी गव्याला सोडून डुकरांवर वळतात. गव्याला ते वळण पार करायला १६ सेकंद लागतात. बारा डुकरांची टोळी त्यातले जवळजवळ सहा सेकंद खाऊन टाकते. एवढ्यात गवा निसटतो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं कोडमध्ये चूक आहे. दोन रात्री शोधत होतो. चूक नव्हती, वेळ होती.

आता तुमच्या हातात एक सुंदर पेच आला. `T` ४५ केला तर गाठ तिसाव्या घरावर पडते, वळणाच्या पलीकडे, आणि धोका विरतो. ६० केला तर गाठ शेताच्या बांधावर, म्हणजे दोन वेव्ह जवळजवळ वेगळ्याच. १५ केला तर दहाव्या घरावर, जिथे टॉवर फार नसतात. त्यामुळे सुरुवातीच्या वेव्हमध्ये मी ६० ठेवतो, मधल्या भागात ४५, आणि शेवटच्या दोन-तीन वेव्हमध्ये मुद्दाम ३०. टॉवरला ‘सर्वांत धीराच्या जनावरावर मार’ असा पर्याय दिला असेल तर त्याचं महत्त्व खेळणाऱ्याला इथेच कळतं. तो पर्याय नसेल तर ३० ठेवू नका, तो अन्याय होतो.

## पुढची वेव्ह लवकर बोलावली तर जास्त नाणी द्यावीत का?

द्यावीत, पण मोजून. २०११ मध्ये आलेल्या किंग्डम रशमध्ये ही सोय आहे आणि इतरही बऱ्याच गेममध्ये आहे. वाचवलेल्या प्रत्येक सेकंदाला एक नाणं हा चांगला सुरुवातीचा दर आहे. वीस सेकंद आधी बोलावलं तर २० नाणी. वेव्हची कमाई १५० असेल तर ही साधारण तेरा टक्के जादा झाली. याहून जास्त दिलंत तर लवकर बोलावणं हा पर्याय राहत नाही, सक्ती होते, कारण सुरुवातीला मिळालेलं नाणं टॉवर होऊन शेवटपर्यंत काम करत असतं. आणि लक्षात ठेवा, लवकर बोलावलं की वरच्या सूत्रातला `T` खेळणारा स्वतः बदलतो. गाठ कुठे पडेल ते तपासून घ्या.

## माझा गेम मध्ये कंटाळवाणा आणि शेवटी अशक्य होतो. असं का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझ्याही गेमचं हेच झालं होतं. गणपतीत गावाकडे सगळे जमले होते. आतेभावाला फोन दिला. अकराव्या वेव्हला त्यानं तो पाटावर ठेवला आणि आरतीला उठला. परत येऊन बघतो तर वेव्ह आपोआप निघून गेलेली, एकही जनावर शेतात शिरलेलं नाही, आणि वर ९०० नाणी शिल्लक. रात्री त्यानंच पुन्हा खेळायला घेतलं आणि बाविसाव्या वेव्हला हरला. जपून खेळूनही.

कारण आकड्यांत होतं. मी सुरुवातीला ३०० नाणी देत होतो. पहिल्या वेव्हला ११०, दुसऱ्या वेव्हला १२०, तिसऱ्या वेव्हला १३० अशी कमाई. आणि वेव्हचा एकूण धीर दर वेळी १५ टक्क्यांनी वाढवत होतो, कारण कुठेतरी तसं करावं असं वाचलं होतं. हे चालवून बघा:

```python
coins, need = 300, 1.0
for k in range(1, 26):
    print(k, round(coins / 300 / need, 2))
    coins += 100 + 10 * k
    need *= 1.15
```

ही संख्या म्हणजे खेळणाऱ्याची ताकद भागिले वेव्हची गरज, पहिल्या वेव्हला १ धरून. नाणी खर्च होतात पण त्यांचे टॉवर उभे राहतात, म्हणून आजवरची सगळी नाणी मोजायची.

| वेव्ह | ताकद भागिले गरज |
|---|---|
| १ | १.०० |
| ५ | १.५२ |
| ८ | १.६० |
| १० | १.५६ |
| १५ | १.३० |
| २० | ०.९६ |
| २५ | ०.६६ |

आठव्या वेव्हपर्यंत खेळणारा वेव्हच्या पुढे धावत असतो, आरतीला जाऊन येण्याइतका पुढे. विसाव्याला रेषा ओलांडली जाते आणि पंचविसाव्याला त्याच्याकडे गरजेच्या दोन तृतीयांश ताकद उरते. साठत जाणारी कमाई आणि टक्क्यांनी वाढणारा धीर यांचे चढ वेगळे असतात. टक्केवारी आधी मागे पडते आणि मग एकदम अंगावर येते. १५ चे १२ टक्के केले तर भिंत पुढे सरकेल, मधला कंटाळा उलट वाढेल.

उपाय सोपा आहे. धीराला स्वतःची टक्केवारी देऊच नका. आधी त्या वेव्हपर्यंत खेळणाऱ्याच्या हाती किती नाणी आली असतील ते काढा, मग तुम्हाला हवं ते गुणोत्तर ठरवून धीर त्यावरून काढा. मी गुणोत्तर असं ठेवतो: १.३, १.२, १.१, १.०, आणि पाचव्या वेव्हला पुन्हा १.३५. पुढच्या पाचात प्रत्येक आकडा थोडा खाली. म्हणजे चार वेव्ह फास आवळत जातो आणि पाचवीला श्वास घ्यायला जागा मिळते. त्या सैल वेव्हमध्येच खेळणारा नाणी साठवून पहिलं मोठं अपग्रेड घेतो. ती काढून टाकली तर महागडी अपग्रेड कोणी घेतच नाही, कारण प्रत्येक नाणं लगेच गोफणीत घालावं लागतं.

## चौथ्या वेव्हला दोन-तीन जनावरं निसटली की पुढचा सगळा डाव जातो. हे ठीक आहे का?

ठीक नाही. नाणी फक्त जनावर परतवल्यावर देत असाल तर असंच होणार. जनावर निसटलं, म्हणून नाणी कमी, म्हणून टॉवर कमी, म्हणून पुढच्या वेव्हला अजून निसटली. खेळणारा चौथ्या वेव्हला हरलेला असतो, पण गेम त्याला ते दहाव्याला सांगतो. मधली सहा वेव्ह तो उगाच झगडतो. मला हे फार वाईट वाटतं.

कमाईचे दोन भाग करा. १५० पैकी ९० नाणी वेव्ह संपली की मिळणार, काही निसटलं असलं तरी. उरलेली ६० जनावरांच्या डोक्यांवर वाटायची. दहापैकी तीन निसटली तर तोटा १८ नाण्यांचा. तो जाणवतो, पण माणूस सावरतो.

## जनावरांची मिसळ कशी ठरवायची? कितीपर्यंत प्रकार हवेत?

चार प्रकार पुरतात. प्रत्येक जनावरानं खेळणाऱ्याला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. नुसतं जास्त धीराचं सांबर रंग बदलून आणलं तर तो नवा प्रकार नव्हे.

डुकरांची टोळी विचारते, ‘एकदम बाराजणांना आवरशील का?’ गवा विचारतो, ‘तुझा दगड लागतो तरी का?’ आमच्या गव्याचं कातडं जाड आहे. प्रत्येक माऱ्यातले ४ तो गिळतो. गोफणीचे १० त्याच्यावर ६ होतात.

या एका ४ मुळे अपग्रेडला अर्थ आला. गोफणीची दुसरी पायरी दोन प्रकारची ठेवली आहे. ‘जड दगड’ घेतला तर सेकंदाला एकच, पण २० चा. ‘झपाझप’ घेतलं तर १० चेच, पण सेकंदाला दोन. कागदावर दोन्ही सारखे, सेकंदाला २०. गव्यावर जड दगडाचे १६ पडतात आणि झपाझपचे सहा-सहा मिळून १२. उलट, डुकराचा धीर १० असेल तर जड दगड सेकंदाला एकच डुक्कर परतवतो, त्याचे १० वाया जातात, आणि झपाझप दोन परतवते. मिसळ अशी असेल तर खेळणारा थांबून विचार करतो. नसेल तर तो बटण दाबत सुटतो.

नवं जनावर पहिल्यांदा एकटं आणा. आमच्याकडे सहाव्या वेव्हला फक्त दोन गवे येतात, दुसरं काही नाही. सातव्याला पुन्हा सांबरं. आठव्याला गवे आणि डुकरं एकत्र. गवा पहिल्यांदाच डुकरांच्या गर्दीत आणला तर खेळणाऱ्याला कळतच नाही की गोफणी का कमी पडल्या.

## धीर १५ टक्केच वाढवला आणि वेव्ह एकदम अवघड झाली. चूक कुठे?

दगड अर्धा मारता येत नाही, म्हणून. सांबराचा धीर ३० असेल तर १० चे तीन दगड लागतात. १५ टक्के वाढवून साडेचौतीस केलं की चार लागतात. तुम्ही १५ टक्के वाढवले, खेळणाऱ्याला ३३ टक्के वाढल्यासारखे वाटले. उलट पुढच्या वेव्हला पावणेचाळीस केलं तरी चारच लागतात, म्हणजे काहीच वाढलं नाही.

अपग्रेडमध्ये हे जास्त बोचतं. मी एकदा गोफणीचं अपग्रेड १० वरून १२ चं ठेवलं होतं. काकांचा नातू खेळत होता. सांबराचा धीर ३०. आधी तीन दगड लागत होते, अपग्रेडनंतरही तीनच. पोरगा म्हणाला, ‘काका, ह्येला काय अर्थ हाय? पैसे घेतले, आणि दगड तेवढेच लागतात की.’ इयत्ता सहावी. त्यानं स्क्रीनवर मोजलं होतं. ते अपग्रेड मी १५ चं केलं, म्हणजे दोन दगडांत काम होऊ लागलं.

प्रत्येक वेव्हसाठी ‘या धीराला किती मारे लागतात’ असा एक रकाना तक्त्यात ठेवा. धीराकडे बघू नका, माऱ्यांकडे बघा.

## अपग्रेडची किंमत नव्या टॉवरपेक्षा स्वस्त असावी की महाग?

थोडी महाग. किती ते जागेवरून ठरतं.

नकाशावर सगळ्या जागा सारख्या नसतात. सरळ वाटेवर गोफणीच्या टप्प्यात ५ घरं येतात, पण वळणाच्या आतल्या कुशीत जाणारी आणि परतणारी वाट धरून ९ घरं येतात. अशा जागा आमच्या नकाशात पाचच आहेत. खेळणारा आधी त्या भरतो. त्या भरल्या की त्याच्यापुढे दोन पर्याय असतात: साध्या जागेवर नवी गोफण, किंवा कुशीतल्या गोफणीचं अपग्रेड.

नव्या गोफणीला १०० नाणी, आणि ती जाणाऱ्या प्रत्येक सांबराचे ५ गुणिले १०, म्हणजे ५० धीर काढते. एका धीराला २ नाणी. कुशीतल्या गोफणीचा मारा अपग्रेडनं १० नी वाढला तर तिथे ९ सेकंद मिळतात, म्हणून ९० धीर जास्त निघतात. त्याच दरानं त्याची किंमत होते १८० नाणी.

म्हणून १८० हा काटा. अपग्रेड १०० ला दिलंत तर सगळीकडे अपग्रेडच होणार, नव्या जागा ओस पडणार. २५० ला दिलंत तर कोणी हात लावणार नाही. मी १५० ठेवलं. कुशीत ते नव्या गोफणीपेक्षा परवडतं, कारण तिथे ते १८० च्या मोलाचं आहे. सरळ वाटेवर तेच अपग्रेड फक्त ५० धीर जास्त देतं, म्हणजे १०० च्याच मोलाचं, तिथे १५० देणं तोट्याचं. एकाच किमतीनं खेळणाऱ्याला जागेचं मोल शिकवलं.

तुमच्या नकाशाची घरं वेगळी असतील, तर आकडाही वेगळा येईल. दुसऱ्याच्या गेममधले दर उचलून आणले की फसतात ते यामुळेच.

## डब्याचा टॉवर फार भारी पडतो. काय करावं?

आमचा डबा आवाजानं जनावराची चाल निम्मी करतो. तो स्वतः धीर काढत नाही, पण त्याच्या आसपासच्या प्रत्येक टॉवरला दुप्पट सेकंद देतो. म्हणजे त्याची किंमत शेजाऱ्यांवर अवलंबून असते. एका गोफणीशेजारी तो एका गोफणीइतका, आठ गोफणींशेजारी आठ गोफणींइतका.

दोन गोष्टी करा. एक म्हणजे डब्यावर डबा चढू देऊ नका. तीन डब्यांनी चाल निम्म्याची निम्मी, तिचीही निम्मी होऊ दिली तर जनावर आठ पट वेळ टप्प्यात राहतं आणि गेम तिथेच संपतो. दुसरं, पहिल्या डब्याची किंमत मध्यम ठेवा आणि पुढच्या प्रत्येक डब्याची वाढवत न्या. आमच्याकडे १२०, १८०, २७०.

## टॉवर विकल्यावर किती नाणी परत द्यावीत?

साठ ते सत्तर टक्के. शंभर टक्के दिलेत तर खेळणारा प्रत्येक वेव्हआधी सगळं उचलून नव्यानं मांडतो. ते हुशारीचं असतं, पण फार कंटाळवाणं. लावल्यापासून पाच सेकंदांत विकलं तर मात्र पूर्ण द्या, बोट चुकतं.

## गेमची भाषा मराठी ठेवली तर कन्नड मित्रांना अडचण येत नाही का?

तोलाचा आणि भाषेचा संबंध नसतो असं वाटेल, पण असतो. माझे निम्मे चाचणी खेळणारे कन्नड बोलणारे. ‘जड दगड’ आणि ‘झपाझप’ यांतला फरक त्यांना नावावरून कळला नाही, तेव्हा त्यांनी सरसकट पहिलंच बटण दाबलं आणि माझ्या नोंदी सांगू लागल्या की जड दगड जास्त चांगला आहे. बटणावर मोठा दगड आणि तीन छोटे दगड अशी चित्रं काढल्यावर निवड समसमान झाली. आकडा बदलायच्या आधी माणसाला बटण कळलं का ते बघा.

## तोल जमला हे कशावरून ओळखायचं?

प्रत्येक वेव्हच्या शेवटी तीन आकडे फाईलमध्ये लिहून ठेवा: किती जनावरं निसटली, हातात किती नाणी पडून होती, आणि कुठल्या टॉवरनं किती धीर काढला.

नाणी सलग तीन-चार वेव्ह वाढत गेली तर वेव्ह सोपी आहे, किंवा विकत घेण्यासारखं काही उरलेलं नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून खेळणाऱ्याला विचारा. एका टॉवरनं एकूण धीरापैकी निम्म्याहून जास्त काढला तर वेव्हच्या अंतरांकडे परत जा. सगळे एकाच वेव्हला हरत असतील तर तिथे माऱ्यांचा आकडा उडी मारतोय का, की दोन वेव्हची गाठ वळणात पडतेय, हे आधी तपासा.

स्वतः मात्र दोनच चाचण्या घ्या. एकदा फक्त गोफणी लावून खेळा. जिंकलात तर मिसळ कच्ची आहे. एकदा डोळे झाकून कुठेही टॉवर लावल्यासारखं खेळा आणि कितव्या वेव्हपर्यंत जाता ते बघा. आमच्याकडे ती नववी आहे, आणि पहिल्यांदा खेळणारा तिथपर्यंत पोहोचावा असं मला वाटतं. नेहमीसारखं खेळून तोल ठरवू नका. बनवणाऱ्याला सगळी वळणं पाठ असतात.

एका वेळी एकच आकडा बदला. गेल्या खेपेला मी अकराव्या वेव्हच्या डुकरांचं अंतर पावऐवजी ०.४ सेकंद केलं, बाकी काही नाही, आणि आतेभावाला न सांगता फोन दिला. त्यानं तीन फटाके विकले आणि कुशीत दोन गोफणी लावल्या.